रेफरल बोनस : अकरा होकार, चार बक्षिसं

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत माझी भाची पैसे पाठवण्याच्या एका अ‍ॅपची लिंक घेऊन बसली होती. योजना साधी दिसत होती. तिच्या लिंकवरून कुणी नवा माणूस आला, तर तिला 100 रुपये आणि त्या माणसाला 25 रुपये. तिनं नात्यातल्या आणि कॉलेजातल्या ओळखीच्यांना विचारलं, अकरा जणांनी होकार दिला आणि तिनं मनात 1,100 रुपये धरून टाकले. दोन आठवड्यांनी प्रत्यक्षात जमा झाले 400. उरलेले सात जण कुठं गळाले, हे शोधायला आम्ही मामा-भाची एका संध्याकाळी बसलो. त्या शोधात जे हाती लागलं, ते आपल्यालाही उपयोगी पडेल म्हणून क्रमानं सांगतो.

आधी हे पैसे कशाचे मिळतात ते पाहू. रेफरल म्हणजे ओळखीतून आलेला ग्राहक. कंपनीला नवा ग्राहक हवा असतो आणि तो मिळवण्यासाठी ती एरवी जाहिरातीवर खर्च करतेच. तोच पैसा ती आपल्याला देऊ करते, कारण अनोळखी जाहिरातीपेक्षा घरातल्या माणसाच्या शब्दावर लोकांचा विश्वास जास्त असतो. पण लिंक पाठवल्याचे पैसे नसतात. नुसतं अ‍ॅप फोनमध्ये उतरवून घेतल्याचेही बहुतेक वेळा नसतात. पैसे असतात ते खरोखर वापर सुरू केलेल्या नव्या माणसाचे.

याचं एक चांगलं उदाहरण आपल्या नागपूरचंच आहे. 14 एप्रिल 2017 रोजी, आंबेडकर जयंतीच्या दिवशी, पंतप्रधानांनी नागपुरात भीम अ‍ॅपसाठी रेफरल बोनस योजना सुरू केली. ती आणि दुकानदारांसाठीची कॅशबॅक योजना मिळून सहा महिन्यांसाठी 495 कोटी रुपयांची तरतूद होती. आणणाऱ्याला 10 रुपये आणि नव्यानं येणाऱ्यालाही 10 रुपये असं सुरुवातीला ठरलं. मात्र नव्या माणसानं तीन वेगवेगळ्या व्यक्तींशी तीन व्यवहार करायचे आणि त्यांची बेरीज किमान 50 रुपये व्हायला हवी, ही अट होती.

या अटीतला प्रत्येक शब्द कामाचा आहे. ‘नवा’ म्हटलं नसतं, तर जुन्याच लोकांनी अ‍ॅप काढून पुन्हा टाकलं असतं. एकाच व्यवहारावर बोनस ठेवला असता, तर आपण मित्राला 50 रुपये पाठवले असते, त्यानं ते परत पाठवले असते आणि दोघांनी बोनस घेऊन अ‍ॅप बंद केलं असतं. तीन वेगळी माणसं म्हटल्यावर निदान तीनदा पैसे पाठवायची रीत हाताला लागते. आपल्याला कुठल्याही अ‍ॅपची अट विचित्र वाटली, की ती कोणती पळवाट बुजवण्यासाठी घातली असेल, असा विचार करून पाहा. अट लगेच समजते आणि लक्षातही राहते.

आता पहिला टप्पा : लिंक. आपल्याला अ‍ॅपमध्ये ‘मित्रांना बोलवा’ असं काहीतरी बटण दिसतं. तिथं एक कोड असतो, म्हणजे आपल्या नावाची खूण, आणि ती खूण जोडलेली एक लिंक असते. अँड्रॉइड फोनसाठी ती साधारण अशी दिसू शकते :

```
https://play.google.com/store/apps/details?id=com.example.app&referrer=code%3DBHACHI25
```

यात `id=` नंतरचा भाग अ‍ॅपचा पत्ता आहे. `referrer=` नंतरची शेपटी आपली आहे. नवा माणूस या लिंकवर बोट ठेवून प्ले स्टोअरमध्ये गेला आणि तिथूनच अ‍ॅप उतरवून घेतलं, तर अ‍ॅप पहिल्यांदा उघडताना स्टोअरला विचारतं, ‘हा कुठल्या लिंकवरून आला?’ आणि स्टोअर ती शेपटी त्याच्या हातात ठेवतं. चिठ्ठी घेऊन पाहुणा आल्यासारखं आहे हे.

ही चिठ्ठी वाटेत हरवू शकते आणि मग बोनस बुडतो. भाचीच्या अकरांपैकी एकानं लिंक उघडली, पण तेव्हा वाय-फाय नव्हतं. रात्री घरी आल्यावर त्यानं स्टोअरमध्ये जाऊन अ‍ॅपचं नाव लिहून शोधलं आणि तिथून घेतलं. कंपनीच्या दृष्टीनं तो आपला आपण आला. दुसरीनं लिंक आईच्या फोनवर उघडली आणि अ‍ॅप स्वतःच्या फोनवर घेतलं. चिठ्ठी आईच्याच फोनमध्ये राहिली.

म्हणून लिंकबरोबर कोडही वेगळा लिहून पाठवावा आणि खातं उघडताना ‘रेफरल कोड आहे का?’ असं विचारणारी जागा शोधायला सांगावं. आयफोनवर तर स्टोअर अशी चिठ्ठी पुढं देत नाही, तिथं कोड हातानं टाकणं जास्त खात्रीचं. ही जागा बऱ्याच अ‍ॅपमध्ये एकदाच, नोंदणीच्या वेळी दिसते. ती ओलांडून पुढं गेलं की नंतर कोड टाकता येत नाही, आणि मग मदतकेंद्राला कितीही लिहिलं तरी उत्तर नकाराचंच येतं.

दुसरा टप्पा : माणूस नवा आहे का? भाचीचे तीन जण इथं गळाले. तिघांनीही मनापासून सांगितलं होतं की आम्ही हे अ‍ॅप कधी वापरलं नाही. पण एकाच्या नंबरवर वडिलांनी कधीतरी खातं उघडलं होतं. दुसऱ्यानं जुन्या फोनवर उघडून सोडून दिलं होतं. तिसरीचा नंबर वेगळा होता, पण जोडलेलं बँक खातं भावाबरोबरचं संयुक्त, आणि ते भावाच्या खात्यात आधीच नोंदलेलं.

कंपनी ‘नवा’ हे माणसाच्या आठवणीवर ठरवत नाही. मोबाइल नंबर, फोनची अंतर्गत ओळख, बँक खातं, आणि जिथं ओळखपत्रांची पडताळणी होते तिथं पॅन, यांपैकी काहीही आधी दिसलेलं असलं तर तो माणूस जुना ठरतो. म्हणून विचारताना ‘वापरतोस का?’ असं विचारू नये. ‘या नंबरवर कधी खातं उघडलं होतंस का, घरात आणखी कुणी?’ असं विचारावं.

तिसरा टप्पा : अट पूर्ण करणं. भाचीच्या योजनेत नव्या माणसानं सात दिवसांत तीन वेगळ्या व्यक्तींना मिळून 150 रुपये पाठवायचे होते. एकानं तीन व्यवहार केले, पण त्यातला एक स्वतःच्याच एका खात्यातून दुसऱ्या खात्यात होता. तो धरला गेला नाही. आणखी एकीचा तिसरा व्यवहार नवव्या दिवशी झाला. असे हे सात : लिंक चुकलेले दोन, नवे नसलेले तीन, अट अर्धी राहिलेले दोन.

या साऱ्यात कुणीही फसवलं नव्हतं, अ‍ॅपनंही नाही आणि माणसांनीही नाही. अटी पहिल्या दिवशीच लिहिलेल्या होत्या. आम्हा दोघांना त्या वाचायला चार मिनिटं लागली, फक्त ती चार मिनिटं आम्ही दोन आठवडे उशिरा दिली. आपण आधी वाचणार असाल, तर इतकं नक्की शोधा : मुदत किती दिवसांची, मुदत लिंक उघडल्यापासून मोजतात की खातं उघडल्यापासून, कोणते व्यवहार चालतात, आणि बोनस रोख येतो की फक्त त्याच अ‍ॅपमध्ये खर्च करायच्या पॉइंटच्या रूपात. आणि अटींच्या पानाचा स्क्रीनशॉट काढून तारखेसह ठेवा. योजना मध्येच बदलतात.

चौथा टप्पा म्हणजे वाट पाहणं. अट पूर्ण झाल्यावरही बोनस काही दिवस ‘प्रलंबित’ दिसू शकतो. त्या काळात कंपनी व्यवहार खरे आहेत का ते तपासते. एकाच वाय-फायवरून एका तासात पाच खाती उघडली गेली, किंवा पाचही खात्यांतून तेच 50 रुपये गोल फिरले, तर खूण लागते आणि दिलेला बोनसही परत काढून घेता येतो. तसा हक्क अटींमध्ये राखून ठेवलेला असतो. स्वतःचंच दुसरं सिम वापरून स्वतःला ‘आणणं’ हा प्रकार तर पहिल्यांदा पकडला जातो, आणि त्यात मूळ खातंही बंद होऊ शकतं. त्या खात्यात पैसे अडकले, तर 100 रुपयांचा बोनस भलताच महाग पडतो.

आता मर्यादेकडे येऊ. भाचीच्या योजनेत ‘जास्तीत जास्त 20 जण’ अशी ओळ होती, आणि तिला ती कंजुषी वाटली. मला तसं वाटत नाही.

साठवणुकीची सेवा देणाऱ्या ड्रॉपबॉक्सचं उदाहरण घेऊ. फाइली ठेवायला इंटरनेटवर जागा देणारी ही कंपनी. तिथं पैशाऐवजी जागाच बक्षीस होती : मोफत खातं वापरणाऱ्यानं एक मित्र आणला, की दोघांनाही 500 एमबी जास्त जागा. पण एकूण मर्यादा 16 जीबी, म्हणजे सुमारे 32 मित्र. शिवाय मित्रानं नुसता ईमेल देऊन भागत नसे. ड्रॉपबॉक्सचा प्रोग्रॅम संगणकावर बसवून त्यात प्रवेश करावा लागे. कारण उघड आहे. ईमेल पत्ते कुणीही दहा मिनिटांत वीस बनवू शकतो, वीस संगणक कुठून आणणार? तरी काही जणांनी एकाच संगणकात खोटे संगणक उभे करून जागा मिळवलीच. मर्यादा होती म्हणून त्यांचा हात 16 जीबीवर थांबला.

सप्टेंबर 2017मध्ये गूगलनं भारतात तेज हे अ‍ॅप आणलं, आजचं गूगल पे. त्यात आणणाऱ्याला आणि येणाऱ्याला 51-51 रुपये मिळत, आणि एका आर्थिक वर्षात बक्षिसाची मर्यादा 9,000 रुपये होती. 51नं भागून पाहा : साधारण 176 माणसं. लग्नाची पत्रिका वाटायला बसलं, तर एवढी घरं निघतातही. पण ज्यांच्याशेजारी बसून फोनमध्ये अ‍ॅप सुरू करून देता येईल अशी 176 माणसं? थोड्यांकडेच असतील.

भीमची योजना सुरू करताना नागपूरच्या भाषणात पंतप्रधानांनी तरुणांना हिशेब सांगितला होता : दिवसाला 20 जण जोडले, तर 200 रुपये. पहिल्या दिवशी हे जमेल. दहाव्या दिवशी माणसं 200 झाली, महिनाअखेर 600. ओळखीचे लोक तोवर संपलेले असतात. मग बसस्थानकावर किंवा कॉलेजच्या फाटकाशी उभं राहून अनोळखी लोकांना समजवायचं, हे मेहनतीचं आणि प्रामाणिक काम असू शकतं, पण ती आता ओळख राहत नाही, विक्री होते. मर्यादा घालणारा माणूस नेमकी हीच जागा शोधत असतो : ओळख कुठं संपते आणि अनोळखी माणसाला त्रास कुठं सुरू होतो. त्यापलीकडून आलेले ग्राहक टिकत नाहीत, खोट्या खात्यांचं प्रमाण वाढतं, आणि ज्याला नको असताना लिंक येते तो पाठवणाऱ्याबरोबर अ‍ॅपवरही चिडतो.

स्पॅम म्हणजे न मागता, अनेकांना, एकाच साच्यातला पाठवलेला संदेश. मजकूर खरा असला तरी तो स्पॅम असू शकतो. आपल्या लिंकला हे नाव कधी लागेल, याची एक कसोटी व्हॉट्सअ‍ॅपच्या रचनेतच आहे. तिथल्या ब्रॉडकास्ट यादीत, म्हणजे एकच संदेश एकदम अनेकांना स्वतंत्रपणे पाठवायच्या सोयीत, 256 जण घेता येतात. पण ज्यांनी आपला नंबर स्वतःच्या फोनमध्ये साठवलेला आहे, त्यांनाच तो पोहोचतो. आपल्याकडे त्यांचा नंबर असणं पुरत नाही. त्यांना आपण हवे आहोत का, हे तिथं मोजलं जातं. रेफरलला मला हीच कसोटी योग्य वाटते.

पुढं पाठवण्यावरही तिथं बंधनं आहेत. 2018मध्ये अफवा रोखण्यासाठी भारतात एका वेळी पाच गप्पांपुरतीच मर्यादा आली. 2020पासून खूपदा फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. ही बंधनं जाहिरातींसाठी केलेली नाहीत, पण लिंकचा संदेश तीस ग्रुपांवर फॉरवर्ड करणाऱ्याला ती आडवी येतातच. आणि समोरच्यानं ‘रिपोर्ट’ दाबलं, तर आपले शेवटचे पाच संदेशही कंपनीकडं जातात. अशा तक्रारी साचल्या, की नंबरवर बंदी येऊ शकते. शंभर रुपयांसाठी ज्या नंबरवर आईचे, शाळेचे, डॉक्टरांचे संदेश येतात तो पणाला लागतो.

साध्या एसएमएस आणि फोनकॉलवर तर दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे, म्हणजे ट्रायचे, नियम चालतात. नोंदणी न करता साध्या दहा आकडी नंबरवरून व्यापारी संदेश पाठवायला परवानगी नाही. फेब्रुवारी 2025च्या दुरुस्तीनंतर अशा नंबरविरुद्ध दहा दिवसांत पाच तक्रारी आल्या, तरी कारवाई सुरू होऊ शकते. पहिल्या वेळी 15 दिवस बाहेर जाणारी सेवा बंद, पुन्हा केलं तर त्या माणसाच्या सगळ्या जोडण्या एक वर्ष बंद. आपल्याला असे संदेश येत असतील, तर सात दिवसांच्या आत 1909वर तक्रार करता येते.

आणखी एक धोका पुष्कळांच्या लक्षात येत नाही. अ‍ॅप विचारतं, ‘संपर्क यादी वाचू द्याल का?’ आपण हो म्हणतो, आणि पुढच्या पडद्यावर सगळ्या नावांपुढं आधीच खुणा केलेल्या असतात. एक बटण दाबलं की गॅसवाल्यापासून मुलीच्या सासऱ्यांपर्यंत सर्वांना आपल्या नावानं आमंत्रण जातं. लिंक्डइनवर अमेरिकेत यावरूनच खटला झाला. लोकांनी एकदा आमंत्रण पाठवायला परवानगी दिली होती, पण प्रतिसाद न देणाऱ्यांना त्यांच्याच नावानं आठवणीचे ईमेलही जात राहिले. 2015मध्ये कंपनीनं 1 कोटी 30 लाख डॉलर देऊन तो मिटवला. तिथं बोनस नव्हता, पण यंत्रणा तीच. संपर्क यादीची परवानगी नाकारून लिंक हातानं पाठवली, तरी रेफरल चालतं.

स्पॅमच्याही पलीकडं एक रेषा आहे आणि ती कायद्याची आहे. सच्च्या रेफरलमध्ये आपण कंपनीला काही देत नाही आणि बोनस एका पायरीचाच असतो : मी आणलेल्या माणसाचा. ‘आधी 500 रुपये भरून आयडी घ्या, मग तुम्ही आणलेल्यांचे आणि त्यांनी आणलेल्यांचेही पैसे मिळतील’ असं कुणी म्हटलं, तर पैसा नव्या ग्राहकाच्या वापरातून येत नसून नव्या सभासदाच्या खिशातून येतोय. अशा साखळी योजना चालवायलाच नव्हे, तर त्यात लोक ओढायलाही 1978चा केंद्रीय कायदा बंदी घालतो. तिथं आपण ‘मला तरी काय माहीत’ म्हणून सुटू, असं धरून चालू नये. आणि ‘बोनस घेण्यासाठी यूपीआय पिन टाका’ हा संदेश तर नेहमीच फसवणुकीचा. पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही.

मिळालेला बोनस हे उत्पन्न आहे, हेही नोंदवून ठेवतो. विवरणपत्र भरत असाल, तर वर्षभराची बेरीज बाजूला लिहून ठेवा.

भाचीनं त्या संध्याकाळनंतर पद्धत बदलली. ती आता एका वेळी एकालाच लिहिते, आणि मजकूर असा : ‘मावशी, तू विजेचं बिल भरायला रांगेत उभी राहतेस ना, हे अ‍ॅप मी वर्षभर वापरतेय. घेतलंस तर मला 100 रुपये मिळतात, तुला 25. नको असेल तर तसं सांग, मी परत विचारणार नाही.’ तिला मिळणारे 100 रुपये त्यात उघड लिहिलेले असतात, आणि त्यामुळं कुणी नाराज झालेलं मी तरी पाहिलेलं नाही.

मावशी हो म्हणाली. रविवारी भाची तिच्याकडं गेली, आधी तिचा आणि काकांचाही नंबर जुना नाही ना ते पाहिलं, लिंक तिच्याच फोनवर उघडली, कोड हातानं टाकला. यूपीआय पिन मावशीनं टाकला, भाचीनं तोंड फिरवून. मग भाजीवाल्या दादांना 60 रुपये गेले, दूधवाल्यांना 80, आणि तिसरा व्यवहार म्हणून 10 रुपये मला. माझ्या फोनवर मावशीच्या नावानं ते दहा रुपये आले, आणि पाठोपाठ तिचा फोन : ‘पोचले का रे?’